‘ते’ म्हणजे नक्की कोण?

मोटार अपघाताच्या दाव्यांचे कागद मराठीतून इंग्रजीत करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. फिर्यादीत लिहिलं होतं, ‘ते रस्त्यावर पडून त्यांचे पायास दुखापत झाली.’ मी त्या ‘ते’चं भाषांतर एकवचनी केलं, कारण वर फिर्यादीचा उल्लेख ‘हे’ असा आदरार्थी होता. प्रत्यक्षात दोघे जण पडले होते आणि पाय दुसऱ्याचा मोडला होता. समोरच्या वकिलांनी तेवढ्यावर बोट ठेवलं. पाय मोडलेल्या माणसाला आपण त्या गाडीवर होतो हे पुराव्यानिशी सांगत बसावं लागलं. मूळ मराठी वाक्य खोटं नव्हतं. मीही काही गाळलं नव्हतं. वाक्यात एक गाठ होती, ती मी न बघता कापली.

तेव्हापासून घटनेचं कुठलंही लांब वाक्य तोडायचं झालं की मी आधी गाठी मोजते. ते कसं करते, हे इथे एका नमुन्यावर दाखवणार आहे. नमुना मी स्वतः रचलेला आहे, पण त्याची घडण अशा कागदांमध्ये नेहमी दिसणारी आहे. महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यातून अपघाताच्या गुन्ह्याची प्रत ज्यांनी कधी आणली असेल, त्यांना ती लगेच ओळखू येईल.

‘वरील तारखेस वेळी व ठिकाणी यातील फिर्यादी हे त्यांचे भावासोबत त्यांचे ताब्यातील मोटारसायकलवरून वडगावकडून घराकडे जात असताना पाठीमागून येणारे पांढरे रंगाचे पिकअप जीपवरील चालकाने, जिचा क्रमांक नंतर समजला, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने व भरधाव वेगात चालवून त्यांना ओव्हरटेक करीत असताना समोरून आलेले ट्रकला चुकविण्याकरिता अचानक डावे बाजूस घेतल्याने मोटारसायकलचे उजवे हँडलला धडक बसून ते रस्त्यावर पडून त्यांचे डोक्यास मार लागून व उजवे पायाचे हाड मोडून गंभीर दुखापत होऊन तो अपघाताची खबर न देता निघून गेला असून त्यांना दवाखान्यात दाखल करण्यात आले.’

ऐंशीएक शब्द आणि एकच पूर्णविराम. वाचताना एकंदर काय झालं ते कळतं, आणि म्हणूनच हे वाक्य धोक्याचं आहे. वाचणारा मनातल्या मनात रिकाम्या जागा भरतो आणि आपण भरल्या हे त्याला जाणवत नाही. दोन वाचकांनी त्या वेगवेगळ्या भरल्या तर एकाच कागदातून दोन अपघात तयार होतात.

असं वाक्य लिहिणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण तो एका जुन्या वळणाने लिहीत असतो. मोडीतल्या कागदांत शब्द सहसा सुटे लिहीत नसत आणि विरामचिन्हंही नसल्यासारखीच असत. मजकूर ‘की’, ‘जे’, ‘सबब’ अशा शब्दांच्या खुंट्यांवर टांगलेला असे. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हं मराठीत रुळली ती इंग्रजी अमदानीत, छापील पुस्तकांबरोबर. त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. कचेरीतल्या लिखाणाने चिन्हं घेतली खरी, पण वाक्याची जुनी चाल सोडली नाही. फिर्याद, इसम, मजकूर, सदर हे शब्द जसे टिकले तशीच ही चालही टिकली.

दुसरं कारण कायद्याचं आहे. ‘हयगयीने व भरधाव वेगात’ ही शब्दरचना कलमाच्या भाषेला जुळावी म्हणून येते. बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवण्याचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत 279 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते 281 आहे. लिहिणाऱ्याला भीती असते की कलमाला लागणारी एखादी गोष्ट सुटेल, म्हणून तो सगळं एका दोरीत ओवतो. ही भीती खरी आहे, म्हणून तोडताना ती मनात ठेवावी लागते.

आता वाक्य पुन्हा वाचा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. जात असताना, येणारे, समजला, दुर्लक्ष करून, चालवून, ओव्हरटेक करीत असताना, आलेले, चुकविण्याकरिता, घेतल्याने, धडक बसून, पडून, मार लागून, मोडून, दुखापत होऊन, न देता, निघून गेला असून, दाखल करण्यात आले. सतरा झाली. त्यांतलं खऱ्या अर्थाने पूर्ण झालेलं क्रियापद म्हणजे शेवटचं ‘आले’ आणि मधल्या पोटवाक्यातलं ‘समजला’. बाकी सगळी धातुसाधितं, म्हणजे अर्धी उभी राहिलेली क्रियापदं. ती पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात.

मराठीतलं ‘ऊन’ हे प्रत्ययाचं रूप यासाठी फार सोयीचं आहे. ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन तो गेला’ हे वाक्य कितीही वाढवता येतं आणि त्यात गोंधळ होत नाही, कारण उठणारा, पिणारा आणि जाणारा एकच आहे. साधारणपणे ‘ऊन’चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एक असावा, ही मराठीची अपेक्षा असते. ‘पाऊस पडून रस्ता ओला झाला’ अशा कार्यकारणाच्या जोडीत ती सैल होते, तिथे कुणी अडखळत नाही. आपल्या नमुन्यात मात्र धडक बसते हँडलला, पडतात माणसं, मोडतं हाड आणि निघून जातो चालक. कर्ता चार वेळा बदलला आणि क्रियापदाचं रूप मात्र ‘ऊन, ऊन, ऊन’ असं एकसारखं राहिलं. कर्ता बदलल्याची खूण वाक्यात कुठेच नाही.

म्हणून तोडण्याआधी सतराही क्रियापदांपुढे एकच प्रश्न लिहायचा: हे कुणी केलं, किंवा कुणाचं झालं? पेन्सिलने समासात लिहिलं तरी चालेल. निम्म्यापेक्षा जास्त जागी उत्तर वाक्यातच मिळतं. जिथे हात थबकतो, तिथे गाठ आहे.

पहिला हात थबकतो ‘त्यांचे ताब्यातील मोटारसायकल’ इथे. ताबा कुणाचा, फिर्यादीचा की भावाचा? म्हणजेच गाडी कोण चालवत होतं? वाचणारा सहज फिर्यादीला चालक समजतो, कारण वाक्य त्याच्यापासून सुरू झालं आहे. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात हा फरक पैशांत मोजला जातो. अपघातात मोटारसायकल चालवणाऱ्याचाही काही दोष ठरला, तर त्याच्या भरपाईतून तेवढा वाटा कापला जाऊ शकतो. मागे बसलेल्याने काही केलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यावर तो दोष सहसा येत नाही. त्याशिवाय परवान्याचा प्रश्न चालवणाऱ्याला विचारला जातो, मागे बसलेल्याला नाही.

दुसरी गाठ ‘ते’ आणि ‘त्यांचे’ची. या एका वाक्यात ही सर्वनामं सहा वेळा येतात. आपल्या भाषेत आदरार्थी बहुवचन आणि खरं बहुवचन यांचं रूप एकच आहे. ‘ते पडले’ म्हणजे एक वडीलधारा माणूस पडला, की दोघे पडले? घरात बोलताना समोरच्याला माहीत असतं, म्हणून अडत नाही. कागदावर मात्र फिर्यादीला मान देण्यासाठी लिहिलेलं ‘हे’ पुढच्या प्रत्येक ‘ते’ला संशयित करून ठेवतं. डोकं कुणाचं, पाय कुणाचा, दवाखान्यात कुणाला नेलं, सगळं लोंबकळत राहतं. ‘गंभीर’ हे विशेषणसुद्धा. कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. डोक्याला लागलेला मार तसा असेलच असं नाही. डोकं एकाचं आणि पाय दुसऱ्याचा असेल, तर ‘गंभीर’ कुणाकडे जातं?

तिसरी गाठ, ‘तो निघून गेला’. मागे जाऊन पाहिलं तर पुल्लिंगी उमेदवार दोन आहेत, चालक आणि ट्रक. जीप आणि मोटारसायकल दोन्ही स्त्रीलिंगी, त्या आपोआप बाद होतात. शब्दांच्या क्रमाने पाहिलं तर ट्रक जास्त जवळ आहे. ट्रक न थांबता गेला असणं अगदी शक्य आहे, कारण त्याला काही लागलेलंच नाही. समजुतीने आपण पिकअपचा चालक धरतो, आणि बहुधा ते बरोबरही असतं. पण ‘बहुधा बरोबर’ आणि ‘लिहिलेलं आहे’ यांत अंतर आहे.

शेवटचं ‘दाखल करण्यात आले’ हे क्रियापद तर कर्त्याला दाराबाहेरच ठेवतं. दाखल कुणी केलं? जो घेऊन गेला त्याने अपघात पाहिला असू शकतो. जखमीला मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलं आहे. तेव्हा नाव नसलं तरी चालेल. पण ‘रस्त्याने जाणाऱ्या एका टेम्पोचालकाने’ एवढं लिहिलं, तरी घटनेचा एक दुवा कागदावर राहतो.

गाठी न बघता नुसते पूर्णविराम टाकले तर काय होतं ते पाहू. एखाद्या चांगल्या मनाच्या आणि नीटनेटक्या माणसाने हेच वाक्य असं सोपं केलं समजा:

‘फिर्यादी भावासह मोटारसायकलवरून घरी जात होते. मागून भरधाव पिकअप आली. तिने ओव्हरटेक केलं. समोरून ट्रक आला. पिकअप डावीकडे वळली. मोटारसायकलला धडक बसली. फिर्यादी खाली पडले. त्यांच्या डोक्याला मार लागला आणि पाय मोडला. चालक पळून गेला. त्यांना दवाखान्यात नेलं.’

वाचायला हे झकास आहे. सातवीतल्या मुलाला कळेल. पण मूळ वाक्याशेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला की अंगावर काटा येतो. वडगावकडून येत होते, ही दिशा गेली. पिकअपचा पांढरा रंग गेला. क्रमांक नंतर समजला, हे गेलं. अचानक गेलं, उजवा पाय गेला, उजवं हँडल गेलं. हे सगळं नुसतं गळालेलं आहे आणि गळालेलं परत भरता येतं.

त्याहून वाईट आहे ते न गळता बदललेलं. ‘ओव्हरटेक करीत असताना’चं ‘ओव्हरटेक केलं’ झालं. पहिल्यात पिकअप अजून मोटारसायकलच्या बरोबरीने आहे. दुसऱ्यात ती पुढे निघून गेली आहे. बरोबरीने असताना डावीकडे घेतली तर तिची डावी बाजू हँडलला घासते. पुढे गेल्यावर घेतली तर मोटारसायकल मागून तिच्यावर आदळते, आणि मग ‘तुम्ही अंतर का ठेवलं नाही’ हा प्रश्न फिर्यादीकडे वळतो. पंचनाम्यात दोन्ही गाड्यांच्या खुणा लिहिलेल्या असतात. त्या जुळायला हव्यात तर हे ‘करीत असताना’ जपलंच पाहिजे. एका धातुसाधिताच्या काळात अख्ख्या अपघाताची भूमिती असते.

‘ट्रकला चुकविण्याकरिता’ हेही असंच. सोप्या आवृत्तीत ‘ट्रक आला’ आणि ‘पिकअप वळली’ अशी दोन सुटी वाक्यं झाली आणि त्यांच्यामधला हेतू वाफेसारखा उडाला. आता वाचणारा म्हणेल, पिकअप उगाच वळली. हेतूचं असं वाक्य मी तोडत नाही. लहान वाक्य म्हणजे एक क्रियापद असलेलं वाक्य, असा हट्ट धरला की कारण, हेतू आणि अट यांचा बळी जातो. ‘ट्रक चुकवण्यासाठी त्याने पिकअप डावीकडे घेतली’ यात दोन क्रिया आहेत, पण गाठ एकही नाही. ते तसंच राहू द्यावं. कारणाची जोडी मात्र तोडता येते, कारण ‘त्यामुळे’ हा शब्द दोन वाक्यांमध्ये उभा राहून ती सांभाळतो.

आणि ‘निघून गेला’चं ‘पळून गेला’? तो आरोप नव्याने घडवलेला आहे. मुळात फक्त खबर न देता निघून गेल्याचं आहे. सोपा शब्द शोधताना असा जास्त तिखट शब्द हाताशी येतो आणि खपूनही जातो, म्हणून मी शब्द बदलणं आणि वाक्य तोडणं ही दोन कामं एका बैठकीत करत नाही.

आता खरं काम. गाठींची यादी हातात आहे. फिर्यादी समोर असेल तर त्याला विचारायचं, एका वेळी एकच आणि उत्तर सुचवल्याशिवाय. ‘गाडी तुम्हीच चालवत होता ना?’ असं नाही. ‘गाडी कोण चालवत होतं?’ असं. आपल्या नमुन्यातल्या फिर्यादीने सांगितलं असं धरू, की भाऊ चालवत होता, दोघेही पडले, डोकं आपलं आणि पाय भावाचा. निघून गेला तो पिकअपचा चालक. क्रमांक दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहावाल्याने भावाला सांगितला. वेळेबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, साडेसात असतील, घड्याळ पाहिलं नव्हतं. मग कागद असा होतो:

‘अपघात वर लिहिलेल्या तारखेला संध्याकाळी अंदाजे साडेसात वाजता, वर लिहिलेल्या ठिकाणी झाला. मोटारसायकल माझा भाऊ चालवत होता. मी मागे बसलो होतो. आम्ही वडगावकडून घराकडे चाललो होतो. आमच्या मागून पांढऱ्या रंगाची पिकअप जीप आली. पिकअपचा चालक आम्हाला ओव्हरटेक करत होता. त्याच वेळी समोरून एक ट्रक आला. ट्रक चुकवण्यासाठी पिकअपच्या चालकाने पिकअप अचानक डावीकडे घेतली. त्यामुळे मोटारसायकलच्या उजव्या हँडलला पिकअपची धडक बसली. मी आणि भाऊ, दोघेही रस्त्यावर पडलो. माझ्या डोक्याला मार लागला. भावाच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. भावाची दुखापत गंभीर आहे. पिकअपचा चालक अपघाताची खबर न देता निघून गेला. रस्त्याने जाणाऱ्या एका टेम्पोचालकाने आम्हा दोघांना दवाखान्यात दाखल केलं. पिकअपचा क्रमांक मी स्वतः पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहावाल्याने तो माझ्या भावाला सांगितला. पिकअपचा चालक रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने आणि भरधाव वेगात गाडी चालवत होता, अशी माझी तक्रार आहे.’

शब्द वाढले आहेत. वाढणारच, कारण ‘पिकअप’ आणि ‘चालक’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. निबंधात आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा नको. घटनेच्या कागदात तोच शब्द पुन्हा हवा. जिथे ‘तो’ किंवा ‘ती’ लिहिताना क्षणभर विचार करावा लागतो, तिथे मी नाम लिहिते.

क्रमांकाचं वाक्य मी मधून उचलून शेवटाकडे नेलं. मूळ वाक्यात ते मध्ये अडकल्यामुळे असं वाटत होतं की जणू रस्त्यावरच कुणीतरी क्रमांक टिपला. माहिती घटनेनंतर मिळाली असेल तर तिची जागा घटनेनंतर, आणि कुणाकडून मिळाली ते तिच्याबरोबर. या तपशिलाला किंमत आहे. वाहन सापडलं तर दावा त्याच्या मालकावर आणि विमा कंपनीवर जातो. सापडलंच नाही तर केंद्र सरकारच्या 2022 च्या योजनेप्रमाणे ठरावीक रक्कम मिळते, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये. क्रमांक कसा समजला हा प्रश्न पुढे नक्की विचारला जातो, आणि ‘मी पाहिला’ व ‘मला सांगितला’ यांतली तफावत उलटतपासणीत नेमकी उघडी पडते.

कलमाच्या भाषेचं वाक्यही शेवटी वेगळं काढलं आहे. मी ते गाळलं नाही. ते फिर्यादीचं म्हणणं आहे आणि राहिलंच पाहिजे. पण ‘पिकअप अचानक डावीकडे घेतली’ हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ‘हयगयीने’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. दोन्ही एकाच माळेत ओवले की पाहिलेलंही मत वाटू लागतं.

‘अंदाजे’ या शब्दाकडे लक्ष द्या. अशी सावध विशेषणं तोडताना भटकतात. ‘अंदाजे साडेसात वाजता वडगाव फाट्यापासून शंभर मीटरवर’ असं असेल, तर अंदाज वेळेचा आहे की अंतराचाही? तोडताना तो ज्याचा आहे त्याच्याच वाक्यात जायला हवा. दोन्हींचा असेल तर दोन्हीकडे पुन्हा लिहावा.

तपासणी दोन बाजूंनी करायची असते. आधी मूळ वाक्य समोर ठेवून, नव्या मजकुरात जे जे आलं ते मुळात खोडत जायचं. शेवटी मुळात न खोडलेलं जे उरेल ते हरवलेलं आहे. इथे ‘ताब्यातील’ उरतं; ते ‘चालवत होता’मध्ये सामावलं असं म्हणता येईल, पण ताबा म्हणजे मालकीसुद्धा असू शकते, तेव्हा गाडी कुणाच्या नावावर आहे हे एकदा विचारून घ्यावं. मग उलट दिशेने नवा मजकूर घ्यायचा आणि प्रत्येक गोष्ट मुळात कुठे आहे ते शोधायचं. जी मुळात नाही ती एक तर विचारून मिळालेली असते किंवा आपण घुसवलेली. टेम्पोचालक, चहावाला, साडेसातचा अंदाज हे विचारून मिळालं. ‘पळून’ घुसवलेलं होतं. बहुतेक लोक पहिली फेरी करतात आणि दुसरी करत नाहीत. मीही पूर्वी करत नव्हते.

विचारायला कुणी समोर नसेल तर? माझ्यासारखीकडे येतो तो कागद आधीच सही-शिक्क्याचा असतो, फिर्यादी कुठल्या गावात असतो कुणास ठाऊक. अशा वेळी गाठ सोडवण्याचा अधिकार मला नाही. मी वाक्य तोडते, पण गाठ तशीच दाखवते. ‘ते रस्त्यावर पडले. मुळातल्या ‘ते’वरून एक जण की दोघे, हे स्पष्ट होत नाही.’ असं लिहिलेलं दिसायला कुरूप आहे. तरी एखाद्याच्या मोडलेल्या पायाचा मालक मी माझ्या मनाने बदलण्यापेक्षा ते बरं.

गुन्हा एकदा नोंदवला गेला की मूळ फिर्याद नव्याने लिहिता येत नाही. राहिलेली किंवा धूसर गोष्ट पुरवणी जबाबात सांगता येते, पण मग ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न चिकटतो. न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे की पहिल्या खबरीत बारीकसारीक सगळंच असावं अशी अपेक्षा नाही. तरीही तिचा उपयोग फिर्यादीच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडण्यासाठी होतो. म्हणून खरी जागा सहीच्या आधीची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची असते, मग सही घ्यायची असते आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. वाचून दाखवतात तेव्हा दमलेला, घाबरलेला माणूस मान डोलावतो, कारण लांब वाक्य कानावरून वाहत जातं. त्या वेळी मनातल्या मनात सतरा क्रियापदं मोजणं कुणालाच शक्य नाही. पण तीन प्रश्न शक्य आहेत. कोण चालवत होतं, कुणाला काय लागलं आणि कोण निघून गेलं, यांची उत्तरं ऐकू आली का?

गेल्या वर्षी शेजारच्या मुलाबरोबर मी अशीच ठाण्यात बसले होते. कपाळाला पट्टी, भाऊ दवाखान्यात. हवालदारांनी टंकलेली फिर्याद मनापासून, सावकाश वाचून दाखवली. मुलगा सहीला पुढे सरकला. मी हळूच विचारलं, ‘गाडी कोण चालवत होतं ते आलं का रे त्यात?’ तो थांबला. म्हणाला, ‘साहेब, मी मागे बसलो होतो. तेवढं लिहा.’ हवालदारांनी पुन्हा वरपासून नजर फिरवली, ‘ताब्यातील’पाशी थांबले आणि म्हणाले, ‘खरंच की. हे तुझ्यावर जातंय.’ त्यांनी तिथे पूर्णविराम दिला, ‘मोटारसायकल माझा भाऊ चालवत होता. मी मागे बसलो होतो.’ अशी दोन वाक्यं टंकली आणि आधीची छापील पानं बाजूला ठेवून नवी काढली.